घरपट्टी जादा आली तर काय करावे?

शहादा-तळोदा नगरपालिका हद्दीत घर असलेल्यांसाठी हे लिहीत आहे.

बिलाची रक्कम जास्त वाटली तर आधी आकारणी उतारा काढा आणि टेप लावून घर मोजा. समजा, घर ६० चौरस मीटर आहे आणि उताऱ्यात ९० लागले. वार्षिक भाड्याचा दर चौरस मीटरला २०० रुपये धरला, तर ९० चे भाडे १८,००० होते. दुरुस्तीची १० टक्के सूट जाता १६,२००. त्यावर २५ टक्के कर ४,०५० रुपये. खरा कर २,७०० च, म्हणजे १,३५० जादा.

मुख्याधिकाऱ्यांच्या नावे दोन प्रतींत अर्ज करा: फेरमोजणी करावी, यादी दुरुस्त करावी, जादा रक्कम परत द्यावी किंवा पुढील बिलात वळती करावी. उतारा, नकाशा व पावत्यांच्या नकला जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेची पोच घ्याच. काट्याच्या पावतीसारखी ती जपा.

भरणा मात्र अडवू नका. बिलाविरुद्धच्या अपिलाला १५ दिवसांची मुदत असते, रक्कमही आधी भरावी लागते. नवी आकारणी यादी लागली की नोटिशीच्या मुदतीतच लेखी हरकत द्या. ती नसेल तर अपील अडते.