चिन्ह उलटायचे कुठे राहिले?

7 − 3x > 19. अकरावीच्या एका मुलाने ही असमानता तीन ओळींत सोडवली. 7 पलीकडे नेला, −3x > 12 आले. दोन्ही बाजूंना −3 ने भागले, x > −4 आले. मांडणी स्वच्छ, आकडेमोड बिनचूक आणि उत्तर मात्र पूर्ण उलटे.

त्याने ताळाही करून पाहिला होता. x च्या जागी −4 घातले, 7 + 12 = 19 जमले, त्याचे समाधान झाले. फसगत नेमकी इथेच होते. समीकरणाला असा ताळा पुरतो, कारण तिथे त्या संख्येवरच उत्तर संपते. असमानतेत −4 ही नुसती सीमा आहे. चिन्ह उलटवा किंवा उलटवू नका, सीमा तीच येते. म्हणून ताळ्यासाठी सीमेच्या अलीकडची किंवा पलीकडची संख्या घ्यावी लागते.

इथे शून्य सोयीचे. मुलाच्या उत्तराप्रमाणे −4 पेक्षा मोठी कोणतीही संख्या चालते, म्हणजे 0 चालायला हवे. मूळ ओळीत 0 घातले तर 7 > 19 येते. साफ खोटे.

चूक आहे हे कळले, पण कुठे? आता तेच शून्य एकेका ओळीत घालत खाली यायचे. पहिल्या ओळीत 7 > 19, खोटे. दुसरीत 0 > 12, खोटे. तिसरीत 0 > −4, खरे! पायऱ्या बरोबर असतील तर वरचे खोटे खालपर्यंत खोटेच राहते आणि खरे ते खरेच. इथे खोट्याचे खरे झाले ते दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये, म्हणजे −3 ने भागताना. बरोबर उत्तर x < −4. −5 घालून पाहा: 7 + 15 = 22, आणि 22 हे 19 पेक्षा मोठेच आहेत.

ऋण संख्येने भागले किंवा गुणले की क्रम उलटतो. खिशात 5 रुपये असणारा 2 रुपयेवाल्यापेक्षा वरचढ. पण तेवढीच उधारी असेल तर 2 रुपयेवाला बरा. 2 < 5, पण −2 > −5.

गोंधळाचे एक मूळ आपल्या शब्दातही आहे. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे मुलांनी लहानपणापासून ऐकलेले असते. तिथले चिन्ह अधिक-उण्याचे, इथले लहान-मोठ्याचे, शब्द एकच. म्हणून काही मुले उलट चूकही करतात. 3x > −12 मध्ये उणे दिसले की चिन्ह फिरवतात, भागायचे धन 3 ने असूनही. शून्य ही चूकही पकडते: 0 > −12 खरे, पण 0 < −4 खोटे.

शिक्षकांनी वही तपासताना अशा उत्तरावर नुसती फुली मारू नये. शेजारी ‘x = 0 घालून प्रत्येक ओळ तपास’ एवढे लिहावे.