न दिसलेल्या पक्ष्यांचा हिशेब

माळरानावर किंवा जंगलात एक सरळ रेघ ठरवून तिच्यावरून चालत जायचे आणि दोन्ही बाजूंना दिसलेले पक्षी मोजायचे, या पद्धतीला लाइन ट्रान्सेक्ट म्हणतात. चालणाऱ्याच्या हाती पडते ती दिसलेल्या पक्ष्यांची संख्या. हवी असते ती असलेल्या पक्ष्यांची. गवतात दबकून बसलेला तितर पाच मीटरवर असूनही सुटतो आणि पन्नास मीटरवरचा तर बहुधा सुटतोच. किती सुटले हे कोणी पाहिलेले नसते, तरी त्याचा अंदाज दिसलेल्या पक्ष्यांच्याच नोंदीतून काढता येतो. त्यासाठी दिसलेला प्रत्येक पक्षी रेघेपासून किती अंतरावर होता, एवढे मात्र लिहून ठेवावे लागते. या तंत्राचे नाव डिस्टन्स सॅम्पलिंग.

तंत्र समजून घ्यायला पक्ष्यांपेक्षा घरटी सोपी, कारण ती उडून जात नाहीत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या दक्षिण भागात, सुमारे २,४०० मीटर उंचीवर, मॉन्टे व्हिस्टा नावाचे अभयारण्य आहे. तिथल्या बदकांच्या घरट्यांच्या मोजणीवर डेव्हिड अँडरसन आणि रिचर्ड पोस्पहाला यांनी १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला. मोजणाऱ्यांनी एकूण १,६०० मैल, म्हणजे सुमारे २,५७५ किलोमीटर, रेघा चालून काढल्या होत्या. पट्टा मुद्दाम अरुंद ठेवला होता, रेघेच्या दोन्ही बाजूंना जेमतेम अडीच मीटर. इतक्या जवळचे घरटे सुटणार नाही, असे कोणालाही वाटेल. आकडे मात्र वेगळेच बोलले.

रेघेपासून आठ फुटांपर्यंत ५३४ घरटी नोंदली गेली होती. एकेका फुटाचे पट्टे पाडून ती मांडली की रेघेलगतच्या पहिल्या फुटात ७४ घरटी येतात आणि पुढे क्रमाने ७३, ७९, ६६, ७८, ५८, ५२, ५४. बदकाने घरटे बांधले तेव्हा मोजणाऱ्याची रेघ कुठून जाणार हे त्याला ठाऊक नव्हते. त्यामुळे प्रत्येक पट्ट्यात घरटी साधारण सारखीच असायला हवीत. पहिल्या तीन फुटांची सरासरी पंचाहत्तर आहे, शेवटच्या तीन फुटांची पंचावन्न. तिकडे घरटी कमी होती असे मानायला काही कारण नाही. ती तिथेच होती आणि नजरेतून निसटली.

हा उतार म्हणजेच सुटलेल्या घरट्यांचा पुरावा. अंतर वाढेल तशी दिसण्याची शक्यता कशी घटते हे सांगणाऱ्या वक्ररेषेला डिटेक्शन फंक्शन म्हणतात. रेघेवर तिची किंमत १ धरतात, म्हणजे तिथले सगळे दिसते. पुढे ती उतरत जाते. मॉन्टे व्हिस्टाच्या आकड्यांवर हाफ-नॉर्मल जातीची, अर्ध्या घंटेच्या आकाराची वक्ररेषा बसवली तर आठ फुटांवर, म्हणजे सुमारे २.४ मीटरवर, तिची किंमत ०.६४ च्या आसपास येते. पट्ट्याच्या कडेला तीनातले एक घरटे सुटत होते. पूर्ण पट्ट्याची सरासरी काढली तर दिसण्याची शक्यता ०.८७ येते.

पुढचे गणित शाळेतले आहे. पट्ट्याची रुंदी दोन्ही बाजू मिळून ४.८ मीटर आणि लांबी २,५७५ किलोमीटर, म्हणून तपासलेले क्षेत्र सुमारे १२.४ चौरस किलोमीटर. ५३४ ला त्याने भागले की दर चौरस किलोमीटरला ४३ घरटी. ती असलेल्यांपैकी फक्त ८७ टक्के, म्हणून ४३ ला ०.८७ ने भागायचे. उत्तर येते पन्नासच्या जरासे खाली. सूत्रात लिहायचे तर:

D = n / (2 × w × L × P)

इथे n म्हणजे नोंदी, w एका बाजूच्या पट्ट्याची रुंदी, L रेघांची एकूण लांबी आणि P ही सरासरी शक्यता. अडीच मीटरच्या आतली आठातली एक वस्तू सुटत असेल, तर दाट झाडीत तीस मीटरवरच्या पक्ष्याचे काय होत असेल याची कल्पना करावी.

हे गणित काही गृहीतांवर उभे आहे आणि ती दिसतात तितकी निरुपद्रवी नाहीत. पहिले गृहीत वर येऊन गेले: रेघेचा आणि पक्ष्यांच्या वस्तीचा परस्परांशी संबंध नसावा. रेघा नकाशावर सोडतीने टाकायच्या, चालायला सोयीच्या वाटेवर नाही. जंगलातून जाणाऱ्या गाडीरस्त्यावरून मोजणी केली तर रस्त्याकडेच्या झुडपांत रमणारे बुलबुल रेघेजवळच जास्त असतात. अंतर वाढते तशा नोंदी घटतात, पण ते न दिसल्यामुळे नाही, तर तिथे बुलबुलच कमी असल्यामुळे. वक्ररेषेला या दोन कारणांतला फरक कळत नाही. ती सारा दोष नजरेला देते, सुटलेले पक्षी फुगवून सांगते आणि मग रस्त्याकडेची दाटी साऱ्या जंगलाच्या नावावर चढते. नदीकाठी पक्षी दाट असतील तर रेघ काठाला समांतर न टाकता आडवी टाकतात, ती याच कारणाने.

दुसरे गृहीत असे की पक्षी चालणाऱ्यामुळे हलण्याआधी जिथे होता, तिथलेच अंतर लिहिले जावे. घरट्यांच्या बाबतीत हा प्रश्न नव्हता. तितराच्या बाबतीत तोच मोठा आहे. पायांची चाहूल लागली की तितर लगेच उडत नाही; आधी गवतातून पळत बाजूला सरकतो आणि अगदीच गाठला गेला तर फडफडाट करून उठतो. उठतो तिथले अंतर लिहिले की रेघेजवळचा पक्षी वीस मीटरवर नोंदला जातो. घनता खरी असते त्यापेक्षा कमी निघते. ही चूक आलेखात ओळखता येते, कारण रेघेलगतचा स्तंभ बुटका आणि त्याच्या पुढचे उंच दिसतात. उलट गुरांमागे किडे टिपत फिरणारा कोतवाल माणसाच्याही जवळ येऊन बसला, तर पहिलाच स्तंभ आकाशाला भिडतो आणि घनता फुगते. उपाय साधाच आहे: पायांपुढच्या दहा पावलांवर नजर न ठेवता रेघेवर लांबपर्यंत पाहत हळू चालायचे, म्हणजे पक्षी सरकण्याआधी दिसतो.

तिसरे गृहीत मोजमापाचे. पक्षी दिसतो तो बहुधा पुढे, तिरका. मग लेझर रेंजफाइंडरने त्याच्यापर्यंतचे अंतर आणि होकायंत्राने रेघेशी होणारा कोन घेतात. अंतराला कोनाच्या साइनने गुणले की रेघेपासूनचे लंबांतर मिळते. ४० मीटरवर, ३० अंशांच्या कोनात दिसलेला पक्षी रेघेपासून २० मीटरवर असतो. घोटाळा लहान कोनांत होतो. पक्षी ४० मीटरवर ५ अंशांत असेल तर लंबांतर साडेतीन मीटर येते. पण ‘समोरच आहे’ म्हणून मोजणारा कोन शून्य लिहितो आणि लंबांतरही शून्य होते. अशा नोंदी साचल्या की आलेखाच्या सुरुवातीला एक सुळका उभा राहतो. वक्ररेषा त्याच्यामागे धावते आणि घनता अवास्तव वाढते. डोळ्यांनी अंदाज करणाऱ्यांच्या वहीत १०, २०, ३० हे आकडे भरमसाट आणि १३ किंवा १७ जवळपास नाहीत, असेही दिसते. तेवढा दोष रुंद पट्टे पाडून झाकता येतो. सगळी अंतरे दहा टक्क्यांनी कमी लिहिण्याची सवय मात्र झाकता येत नाही; तिच्यामुळे घनता सुमारे अकरा टक्क्यांनी जास्त निघते.

वक्ररेषा कोणती निवडायची, हा प्रश्न त्यामानाने सौम्य आहे. हाफ-नॉर्मल किंवा हॅझर्ड-रेट या दोन जाती बहुतेक कामाला पुरतात आणि त्यांतली कोणती आकड्यांना बरी बसते ते संगणक ठरवतो. पाहायचे ते एवढेच की रेघेजवळ वक्ररेषेला सपाट ‘खांदा’ असावा, म्हणजे पहिल्या काही मीटरांत दिसण्याची शक्यता फारशी घटू नये. बसवण्याआधी सगळ्यात लांबच्या पाच-दहा टक्के नोंदी काढून टाकण्याचा रिवाज आहे. त्या फार काही सांगत नाहीत आणि वक्ररेषेची शेपटी वेडीवाकडी करतात. नोंदी निदान साठ ते ऐंशी असाव्यात. रेघाही किमान दहा-वीस हव्यात, आणि ही अट जास्त वेळा मोडली जाते. एकाच रेघेवरून वीस वेळा चालले तर नोंदी पुष्कळ होतात, पण माहिती त्या एका जागेचीच राहते. एका रेघेवर तीन तितर आणि दुसरीवर तीस, हा फरकच बहुधा अंदाजातल्या अनिश्चिततेचा सर्वांत मोठा वाटा उचलतो.

तितर अनेकदा चार-सहाच्या टोळीने फिरतात. तेव्हा नोंद टोळीची करायची, अंतर टोळीच्या मध्यापर्यंतचे घ्यायचे आणि टोळ्यांच्या घनतेला सरासरी टोळीने गुणायचे. त्यातही एक खोच आहे: लांबवर मोठ्या टोळ्याच दिसतात, एकटा-दुकटा सुटतो. म्हणून दिसलेल्या सगळ्या टोळ्यांची सरासरी खऱ्यापेक्षा मोठी येते आणि तिला अंतरानुसार दुरुस्त करावे लागते.

राहिले ते गृहीत, ज्याच्यावर बाकी सगळे तोललेले आहे: रेघेवरचा एकही पक्षी सुटत नाही. मोकळ्या माळावर हे बऱ्याच अंशी खरे असते. सह्याद्रीतल्या सदाहरित रानात, तीस मीटर उंच पानोऱ्यात हरियाल गप्प बसलेला असेल, तर अगदी डोक्यावर असूनही तो दिसत नाही. समजा, रेघेवरचे सत्तरच टक्के पक्षी दिसतात आणि बाकीच्या अंतरांवरही त्याच प्रमाणात कमी दिसतात. मग प्रत्येक स्तंभ सारख्याच प्रमाणात बुटका होतो, आलेखाचा आकार जराही बदलत नाही, वक्ररेषा सुरेख बसते आणि घनता तीस टक्क्यांनी कमी निघते. पळणारा तितर आलेखात खूण ठेवतो, शून्य लिहिलेला कोन ठेवतो. डोक्यावर गप्प बसलेला हरियाल ठेवत नाही. त्याचा हिशेब एका माणसाच्या नोंदवहीतून निघत नाही. त्यासाठी एकमेकांना न सांगता नोंदी करणारे दोघे एकाच रेघेवरून चालवतात आणि पहिल्याने पाहिलेल्यांपैकी दुसऱ्याला किती दिसले ते ताडून पाहतात. दोघांनाही न दिसणारा पक्षी त्यातूनही सुटतोच.