दुपारचे ऊन, रात्रीचे छत

जबलपूर जिल्ह्यातील पाटन परिसरात मातीच्या जाड भिंती व त्यांवर कवेलू अशी जुनी घरे अजून दिसतात; शेजारीच काँक्रीटच्या छताची नवी घरे उभी आहेत. मे महिन्यात कवेलूखाली दुपार असह्य होते, पण रात्र सुसह्य जाते. स्लॅबखाली मात्र दिवेलागणीनंतरच उकाडा अधिक जाणवतो.

उष्णता काँक्रीटमधून लाटेसारखी उतरते. वरच्या पृष्ठाचा तापमानाचा कळस व खालच्या पृष्ठाचा कळस यांतील अंतर म्हणजे विलंबकाल. खालच्या चढउताराचे वरच्या चढउताराशी असलेले प्रमाण म्हणजे क्षीणता गुणांक. कवेलू पातळ असल्याने त्याचा विलंब अत्यल्प आणि गुणांक एकाच्या जवळपास असतो. १२ सेंटीमीटरच्या स्लॅबचा विलंब ढोबळमानाने तीन ते चार तास व गुणांक ०.४ धरता येतो. ४५ सेंटीमीटरच्या मातीच्या भिंतीत ही लाट जवळजवळ विरूनच जाते.

समजा, स्लॅबचा वरचा पृष्ठभाग दुपारी दीड वाजता ६० अंशांवर पोहोचला आणि पहाटे २४ अंशांवर उतरला. चढउतार ३६ अंशांचा. खाली तो सुमारे १४ अंश उरतो, आणि छताच्या आतील बाजूचा कळस संध्याकाळी पाचच्या सुमारास येतो. मग रात्री नऊलाही उकाडा का? कारण साठा. २० चौरस मीटर खोलीवरील स्लॅबचे वजन सुमारे साडेपाच टन भरते. तो १० अंशांनी निवताना जवळपास १३ युनिट विजेइतकी उष्णता सोडतो. त्यातील काही आकाशाकडे जाते, उरलेली खाली झोपणाऱ्यांवर उतरते.

येथेच एक चूक घडते. छत थंड राहावे म्हणून त्यावर मातीचा व विटांचा जड थर दिला जातो. त्याने चढउतार कमी होतो हे खरे, परंतु विलंब सहा-सात तासांवर गेला तर कळस नेमका रात्री आठ-साडेआठला, म्हणजे झोपेच्या तोंडावर, येतो. शिवाय क्षीणता गुणांक सरासरी तापमान उतरवत नाही; सतत तापलेल्या आठवड्यात छताची सरासरीच चढते. ती उतरवायची तर ऊन छतात शिरण्याआधीच अडवावे लागते: वर चुन्याचा पांढरा लेप, अथवा हवा खेळती राहील इतक्या उंचीवर सावलीचा मांडव. हलका उष्णतारोधक थरही स्लॅबच्या वरच्या बाजूसच हवा. तो आतून लावला तर छताचा साठा बाहेरच अडतो, पण खोलीतील उष्णता शोषून घेणारे वजनही निरुपयोगी होते.

बियाण्याच्या खोलीलाही हेच लागू पडते. तापमान पाच अंशांनी घटले की बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. म्हणून गव्हाच्या बियाण्याच्या पोत्यांची थप्पी स्लॅबलगत नेऊ नये.

आपल्या छताच्या कळसाची वेळ शोधणे अवघड नाही. साधा तापमापक छताला आतून चिकटवून दुपारी बारापासून मध्यरात्रीपर्यंत तासातासाला नोंद घ्यावी. आकडा ज्या तासाला सर्वाधिक भरेल, तो आपल्या छताचा कळस. खिडक्या उघडण्याची वेळ मात्र बाहेरची हवा खोलीपेक्षा थंड झाल्यावरची. त्याआधी उघडल्यास बाहेरचीच उष्णता आत येते.