झटक्याचा कितवा दिवस? रक्ताची तपासणी त्यावर ठरते

वय ५८, व्यवसाय शेती. रविवारी दिवसभर चाळीत कांदा भरण्याचे काम चालले होते. रात्री अकराच्या सुमारास छातीच्या मधोमध दुखू लागले, सदरा घामाने भिजला, एक उलटी झाली. घरच्यांनी पित्त समजून सोडा पाजला. सोमवारी सकाळी गावातच कमरेत एक इंजेक्शन घेतले, दुखणे थांबले आणि विषय तिथेच मिटला. पण बुधवारपासून चार पावले चालले की दम लागू लागला, म्हणून गुरुवारी सकाळी दहा वाजता मुलगा त्यांना आमच्याकडे, जिल्ह्याच्या गावी घेऊन आला. दुखणे सुरू झाल्यापासून एव्हाना ८३ तास झाले होते.

मुलाच्या हातात बुधवारी संध्याकाळी केलेल्या रक्ततपासणीचा कागद होता. तो पुढे करून त्याने विचारले, "डॉक्टरसाहेब, हार्टचे एन्झाइम नॉर्मल आलेत. म्हणजे वडिलांना हार्टचं काही नाही ना?"

कागदावर लिहिलेले खोटे नव्हते. एकूण सीके हद्दीपेक्षा थोडे जास्त होते आणि सीके-एमबी, म्हणजे त्याचा हृदयाकडून जास्त करून येणारा भाग, हद्दीत होता. तरीही या कागदावर विसंबून काकांना घरी पाठवले असते तर ती मोठी चूक झाली असती. ती कशी, हे समजून घेण्यासाठी झटक्यानंतर रक्तात काय उतरते आणि किती दिवस टिकते ते पाहावे लागेल.

हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली की त्या भागातले स्नायू मरू लागतात. मेलेल्या पेशींची आवरणे फाटतात आणि आतले पदार्थ रक्तात उतरतात. आपण रक्तात शोधतो ते हेच पदार्थ. पडलेल्या घराची कल्पना करा. घरात पोत्यांतून धान्य ठेवलेले होते. भिंत पडली की ते पहिल्याच पावसात वाहून जाते आणि दोन दिवसांनी शोधले तर हाती लागत नाही. भिंतीची माती मात्र पुढे आठ-दहा दिवस थोडी थोडी विरघळत राहते आणि ओढ्याचे पाणी गढूळ ठेवते.

सीके-एमबी हे त्या मोकळ्या धान्यासारखे आहे. हे एन्झाइम पेशीतल्या द्रवात मोकळे असते. झटक्यानंतर साधारण ४ ते ६ तासांनी ते रक्तात वाढू लागते, एका दिवसाच्या आसपास सर्वात जास्त होते आणि ४८ ते ७२ तासांत मूळ पातळीवर येते. ट्रोपोनिन हे एन्झाइम नव्हे, तर प्रथिन आहे. त्याचा थोडासा भाग पेशीत मोकळा असतो, पण बहुतेक सगळा आकुंचन पावणाऱ्या तंतूंमध्येच बांधलेला असतो, भिंतीतल्या मातीसारखा. म्हणून तेही पहिल्या काही तासांतच वाढू लागते, परंतु तंतू विरघळेपर्यंत रक्तात येत राहते. ट्रोपोनिन 'आय' साधारण ७ ते १० दिवस सापडते, ट्रोपोनिन 'टी' १० ते १४ दिवस.

आता बुधवार संध्याकाळच्या कागदाकडे पुन्हा पाहा. तेव्हा जवळजवळ ६७ तास झाले होते. सीके-एमबी वाढून, उतरून, निघूनही गेले असणार. एकूण सीके किंचित जास्त होते, पण त्यावरूनही काही ठरवता येत नाही. ते झटक्याचे शेपूट असू शकते, तसेच कमरेत घेतलेल्या इंजेक्शनचेही, कारण सुईने कमरेचा स्नायू दुखावला की सीके वाढते. छातीत दुखते म्हणून आधी कमरेत इंजेक्शन आणि मग सीकेची तपासणी, हा क्रम आपल्याकडे इतका चालतो की नुसत्या एकूण सीकेवर मी कधीच निदान करीत नाही.

उशिरा आलेल्या रुग्णाचा हा प्रश्न जुनाच आहे. १९५४ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी झटक्यानंतर एसजीओटी वाढते असे दाखवले आणि रक्तावरून निदान करण्याची वाट खुली झाली. पुढे उशिरा येणाऱ्यांसाठी एलडीएच वापरात आले. ते तिसऱ्या दिवसाच्या सुमारास सर्वाधिक होते आणि आठवडाभराहून अधिक टिकते. आमच्या पिढीने त्याचे पहिले आणि दुसरे पोटप्रकार मोजून, पहिला दुसऱ्यापेक्षा वर गेला का हे पाहूनही निदाने केली. पण रक्त काढताना पेशी फुटल्या, नळी जोरात हलवली गेली, तरी एलडीएच वाढते. ट्रोपोनिन आल्यावर त्याची गरज उरली नाही. २००० साली युरोप व अमेरिकेच्या हृदयरोग संघटनांनी मिळून झटक्याची व्याख्याच नव्याने केली आणि तीत ट्रोपोनिनला पहिले स्थान दिले.

म्हणून काकांची ट्रोपोनिन 'आय' तपासणी केली. आधी कार्डावर पाहिले. रक्ताचे थेंब टाकले की पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते, ती उमटली. मग यंत्रावर आकडा काढला तो २.४ आला. आमच्या यंत्राची हद्द ०.०४ आहे, म्हणजे साठपट. त्याच वेळी काढलेले सीके-एमबी मात्र ३ होते आणि त्याची हद्द ५. ईसीजीत हृदयाच्या खालच्या भिंतीच्या जागी खोल 'क्यू' लहरी होत्या आणि सोनोग्राफीत तीच भिंत हलत नव्हती. तिन्ही गोष्टी जुळल्या. रविवारी रात्रीचे पित्त नव्हते. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग पहिल्या १२ तासांत होतो, ती वेळ गेली होती. पण झटका आल्यानंतरचा पहिला आठवडा धोक्याचा असतो, म्हणून काकांना मॉनिटरच्या खोलीत दाखल करून औषधे सुरू केली. शुक्रवारी ट्रोपोनिन १.७ वर उतरले. अपेक्षेप्रमाणेच चालले होते.

शनिवारी पहाटे चार वाजता त्यांच्या छातीत पुन्हा दुखू लागले.

अशा वेळी दोन शक्यता असतात. एक म्हणजे दुसरा झटका. दुसरी म्हणजे पहिल्या झटक्यानंतर हृदयाच्या वेष्टनाला येणारी सूज, जिच्यातही छातीत दुखते. दुसरा झटका असेल तर अँजिओग्राफीसाठी ताबडतोब हलवावे लागते आणि रक्त पातळ ठेवावे लागते. सूज असेल तर तेच रक्त पातळ करणारे औषध वेष्टनात रक्त साचवू शकते. वेष्टनाचे दुखणे श्वास घेताना आणि आडवे पडल्यावर वाढते. पण काका एकदा म्हणत, "हो, श्वासाने वाढतंय", आणि पुन्हा विचारले की म्हणत, "तसं काही नाही". ईसीजीत जुन्या खुणांमध्ये नवे ठाम असे काही दिसेना. ते दिसले असते तर रक्ताच्या कोणत्याही अहवालासाठी थांबण्याचे कारण नव्हते.

नेमक्या याच ठिकाणी ट्रोपोनिनचा गुण अडचणीचा होतो. गुरुवारी त्याचे टिकून राहणेच उपयोगी पडले होते. शनिवारी तेच प्रश्न बनले, कारण पहिल्या झटक्याचे ट्रोपोनिन अजून रक्तात होतेच. कार्ड टाकले असते तर रेघ उमटलीच असती आणि तिचा अर्थ काहीच झाला नसता. कार्ड फक्त आहे की नाही एवढेच सांगते, किती आहे ते सांगत नाही.

पहाटे साडेचार वाजता रक्त काढले. ट्रोपोनिन १.३, सीके-एमबी ३. दुखणे सुरू होऊन अर्धाच तास झाला होता, त्यामुळे या आकड्यांत नव्या झटक्याची खूण दिसणे शक्यच नव्हते. पण हे आकडे पुढच्या तुलनेसाठी लागणार होते. मग सहा तासांनी, साडेदहा वाजता, त्याच यंत्रावर पुन्हा तपासणी केली. ट्रोपोनिन २.१, सीके-एमबी १६.

नुसता २.१ हा आकडा कोणी पाहिला असता तर गुरुवारच्या २.४ वरून उतरत आला आहे असे समजून निश्चिंत झाला असता. मधला १.३ हाताशी होता म्हणून कळले की उतरती रेषा उलटी वर फिरली आहे. दुसऱ्या नमुन्यात २० टक्क्यांहून अधिक वाढ असेल तर तो नवा झटका समजतात. इथे वाढ ६० टक्क्यांच्या वर होती. सीके-एमबीने तर काही शंकाच ठेवली नाही. ते लवकर निघून जाते, हाच त्याचा गुरुवारी दोष होता. शनिवारी पाटी कोरी होती म्हणून तिच्यावरचे नवे अक्षर स्पष्ट दिसले.

आज मोठ्या शहरांतले बरेच डॉक्टर सीके-एमबी मागवीतच नाहीत. अतिसंवेदनशील ट्रोपोनिनचे दोन नमुने काही तासांच्या अंतराने घेतले की काम भागते असे ते म्हणतात आणि ते बरोबर आहे. परंतु आपल्याकडे पहिला नमुना एका लॅबमध्ये आणि दुसरा दुसऱ्या गावच्या लॅबमध्ये, असे नेहमी होते. दोन कंपन्यांच्या यंत्रांचे ट्रोपोनिनचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. एकक निराळे, हद्द निराळी. त्यातच मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे ट्रोपोनिन झटका नसतानाही वर असते, पण ते तासातासाने चढत-उतरत नाही, जवळपास तेवढेच राहते. त्याच्याही बाबतीत दोन आकड्यांमधला फरकच उपयोगी. एकाच यंत्रावर दोन ट्रोपोनिन मिळणार नसतील तर पाचव्या-सहाव्या दिवशीच्या नव्या दुखण्यासाठी मी अजूनही सीके-एमबी मागवतो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

शनिवारीच दुपारी काकांना अँजिओग्राफीसाठी हलवले. उजव्या वाहिनीत गुठळीसह मोठा अडथळा निघाला आणि तिथे स्टेंट बसवला गेला. पंधरा दिवसांनी दाखवायला आले तेव्हा मुलाने सगळे कागद तारखेनुसार एका पिशवीत लावून आणले होते. बुधवारचा तो पहिला कागदही त्यात होता. त्याच्या कोपऱ्यात त्याने पेनाने लिहिले होते : "दुखणे सुरू रविवार रात्री ११, रक्त काढले बुधवार संध्याकाळी ६."