लाट दिसली म्हणजे चक्र नव्हे

२०११ साली चंद्रपूर-गडचिरोलीची महाविद्यालयं नागपूर विद्यापीठातून निघून गोंडवाना विद्यापीठात आली. तेव्हापासून आमच्या गडचांदूर भागातले प्राणिशास्त्राचे प्रकल्प अहवाल ओळीने वाचत गेलं, तर एक विषय वर्षाआड तरी भेटतोच: भक्ष्य-भक्षक चक्र. त्यात नवल नाही. ताडोबा याच चंद्रपूर जिल्ह्यात, वाघ रोजच्या पेपरात आणि पाठ्यपुस्तकात कॅनडाच्या सशाची नि लिंक्सची ती प्रसिद्ध दुहेरी लाट. विद्यार्थी समीकरण लिहितो, लाट काढतो आणि निष्कर्षात ‘भक्ष्य वाढले की भक्षक वाढतात’ असं लिहून मोकळा होतो. इतक्या वर्षांत अहवालांचं बाह्यरूप बदललं, हाताने काढलेले आलेख जाऊन एक्सेलचे आले. लाटेचा अर्थ लावण्याची पद्धत मात्र फार सावकाश बदलली.

समीकरणं दोनच. आल्फ्रेड लोटकाने ती १९२० च्या सुमारास मांडली, १९२५ मध्ये पुस्तकात दिली. १९२६ मध्ये वीतो व्होल्तेरा हा इटालियन गणिती स्वतंत्रपणे तिथेच पोचला. त्याला प्रश्न दिला होता जावई उंबेर्तो द’आन्कोनाने. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी मंदावली, तेव्हा बाजारात येणाऱ्या माशांत शार्क-जातीच्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलं होतं, ते का, हा तो प्रश्न.

```
dN/dt = rN − aNP
dP/dt = cNP − mP
```

`N` म्हणजे ससे, `P` म्हणजे लिंक्स. `r` हा शिकारी नसताना सशांच्या वाढीचा दर आणि `m` हा खायला नसताना लिंक्सच्या घटीचा. `a` आणि `c` दोघांच्या गाठीभेटीचे: भेटीत किती ससे जातात आणि त्यातून किती लिंक्स उभे राहतात. हडसन बे कंपनीच्या कातड्यांच्या नोंदींतला १९०० ते १९२० हा तुकडा अभ्यासक्रमांत सर्रास वापरतात. त्याला समीकरण बसवलं, की साधारण `r` = ०.५५, `a` = ०.०२८, `c` = ०.०२४ आणि `m` = ०.८० येतं. आकडे हजार कातड्यांत, काळ वर्षांत.

एक्सेलच्या सुरुवातीच्या अहवालांतली सगळ्यांत बोलकी गडबड इथेच सापडते. विद्यार्थी एक्सेलमध्ये एक ओळ म्हणजे एक वर्ष धरतो, या वर्षीच्या संख्येत या वर्षीची वाढ मिळवतो आणि सूत्र खाली ओढत नेतो. १९०० चे आकडे घ्या: ३० हजार ससे, ४ हजार लिंक्स. पुढच्या ओळीत ससे ४३.१, लिंक्स ३.७. मग ६२.४ आणि ४.५. पाचव्या वर्षी १२३.९ आणि ५४.८. सहाव्या वर्षी ससे कोसळून २ हजारांवर येतात, लिंक्स १७४ हजारांवर जातात. सातव्या वर्षी ससे उणे ६.८ हजार! काही अहवालांत हा उणे आकडा पुसून शून्य केलेला दिसतो आणि खाली वाक्य असतं, ‘अतिशिकारीमुळे भक्ष्य नामशेष झाले.’ जंगलात असं काही घडलेलं नसतं, समीकरणातही नाही. वर्षभराची पावलं टाकल्यामुळे हिशोब वळणावर दर वेळी बाहेर फेकला जातो. पाऊल वर्षाच्या शंभराव्या भागाएवढं केलं, की तीच समीकरणं नीट फिरून जवळजवळ मूळ जागी येतात. पाऊल निम्मं करा आणि आलेख बदलतो का पाहा. बदलला तर दोष तक्त्याचा, सशांचा नाही. लोटका-व्होल्तेराच्या उत्तरात गोल हळूहळू बाहेर पसरताना दिसला, तरी हाच संशय आधी घ्यावा, कारण या समीकरणांचा गोल बंदच असतो.

बंद असतो म्हणजे कसा, ते आयसोक्लाइनवरून कळतं, आणि अहवालांत हेच प्रकरण उरकून टाकलेलं असतं. आयसोक्लाइन म्हणजे ज्या रेषेवर एका जातीची संख्या त्या क्षणी वाढतही नाही, घटतही नाही ती रेषा. आडव्या अक्षावर ससे, उभ्यावर लिंक्स घ्या. पहिलं समीकरण शून्य केलं की `P = r/a`, म्हणजे ०.५५ भागिले ०.०२८, सुमारे २०. ही आडवी रेषा. लक्षात घ्या, सशांच्या रेषेत ससे नाहीतच, आहेत ते लिंक्स. लिंक्स २० हजारांच्या खाली असेपर्यंत ससे वाढतात. दुसरं समीकरण शून्य केलं की `N = m/c`, सुमारे ३३. ही उभी रेषा. ससे ३३ हजारांच्या वर असतील तरच लिंक्स वाढतात. तोंडी परीक्षेत ‘सशांची रेषा आडवी का?’ एवढं विचारलं, तरी अहवाल कोणी लिहिला ते कळतं.

आता याच कागदावर खरी वर्षं मांडू. १९०१ मध्ये ससे ४७, लिंक्स ६. उभ्या रेषेच्या उजवीकडे, आडवीच्या खाली, म्हणून दोघंही वाढायला हवेत. १९०२ मध्ये ७० आणि १० झाले. १९०३ मध्ये ७७ आणि ३५, म्हणजे उजवीकडे आणि वर: ससे घटावेत, लिंक्स वाढावेत. १९०४ मध्ये ३६ आणि ५९. १९०५ मध्ये २१ आणि ४२, डावीकडे आणि वर, दोघंही घटणार. १९०६ मध्ये १८ आणि १९. पुढे ससे सावरू लागतात, लिंक्स आणखी उतरतात. बिंदू जोडत गेलं की गोल घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. सशांचं शिखर १९०३ मध्ये, लिंक्सचं १९०४ मध्ये; पुढच्या फेरीत सशांचं १९१३ मध्ये, लिंक्सचं १९१५ मध्ये. चक्राची खूण ही आहे: शिकाऱ्याचं शिखर मागून येणं आणि गोलाची दिशा. नुसती लाट नव्हे. सगळे बिंदू शहाण्यासारखे वागत नाहीत हेही खरं. १९०० मध्ये ससे ३० म्हणजे रेषेच्या डावीकडे, तरी पुढच्या वर्षी लिंक्स ४ वरून ६ झाले. अहवालात असे चुकार बिंदू दाखवणाऱ्याला मी दोन गुण जास्त देईन.

व्होल्तेराने आणखी एक गोष्ट सिद्ध केली होती: पूर्ण फेरीची सरासरी म्हणजेच दोन रेषांचा छेदनबिंदू. या एकवीस वर्षांची सरासरी काढली तर ससे ३४.१ आणि लिंक्स २०.२ येतात. छेदनबिंदू ३३ आणि २०. साध्या सरासरीने उत्तर इतकं जवळ येतं, हे एकदा स्वतः करून पाहावं. फेरीचा कालावधीही मिळतो: लहान झुल्यासाठी तो `2π/√(rm)`, म्हणजे सुमारे साडेनऊ वर्षं. गोल किती मोठा, हे मात्र सुरुवात कुठून केली यावर ठरतं. म्हणून लाटेच्या उंचीवरून जीवशास्त्र काढू नये.

इतकं जुळल्यावर विद्यार्थी खूश होतो, आणि इथेच त्याला मायकेल गिल्पिनचा १९७३ चा लेख द्यावा. शीर्षकातच त्याने विचारलंय, ससे लिंक्सना खातात का? याच कंपनीच्या आणखी मागच्या वर्षांच्या नोंदी मांडल्या तर काही फेऱ्यांत गोल उलटा, काट्यांच्या दिशेने फिरतो. समीकरण खरं मानलं तर ससा शिकारी ठरतो! दोष अर्थात नोंदींत शोधायला हवा. ती कातडी होती, प्राणी नव्हेत. फासे लावणारे किती, भाव काय, यावर ती येत. पुढे हेही दाखवलं गेलं, की सशांचे आणि लिंक्सचे आकडे एकाच प्रदेशातले नव्हते. शिवाय अँटिकॉस्टी बेटावर लिंक्स नसतानाही ससे वर-खाली होत. १९९५ मध्ये चार्ल्स क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी युकॉनमधले प्रयोग प्रसिद्ध केले. सशांना जादा खाणं देऊन संख्या तिप्पट झाली, शिकारी सस्तन प्राणी बाहेर ठेवून दुप्पट, आणि दोन्ही केल्यावर अकरापट. म्हणजे लाट दोघांची नसून चारा धरून तिघांची आहे.

आपल्याकडच्या अहवालांत वाघ आला, की हे सगळं विसरलं जातं. महाराष्ट्रातले वाघ २००६ मध्ये १०३, २०१० मध्ये १६९, २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२, २०२२ मध्ये ४४४. पाच बिंदू, सगळे चढते. तरी त्यांतून लाट काढून ‘सध्या चक्राचा चढता टप्पा’ असं लिहिलेलं असतं. उदाहरणादाखल चितळाच्या वाढीचा दर ०.३ आणि वाघाच्या घटीचा ०.१५ धरा. वरच्या सूत्राने एक फेरी तीस वर्षांची होते. सोळा वर्षांच्या नोंदींत जेमतेम अर्धी फेरी बसते, आणि अर्ध्या फेरीत चढती रेघ चक्राची की सरळ वाढीची, ते सांगता येत नाही. त्यातून दर गणनेला कॅमेरे अधिक जागी लागत गेले, तो चढ वेगळाच.

मुळात वाघाची रेषा उभी नसतेच. वाघीण आपला मुलूख राखते. चितळ कितीही वाढले, तरी मुलूख संपले की वाघ त्याच प्रमाणात वाढत नाहीत, म्हणून रेषा उजवीकडे कलते. चितळ नसला तर सांबर, रानडुक्कर, रानगवा, गावाकडची गुरं आहेतच. या दोन्हींमुळे झुलणं दबतं. तरुण नर बाहेर पडतात. ताडोब्यातून ब्रह्मपुरीकडे, इकडे राजुरा-कन्हारगाव ओलांडून तेलंगणातल्या कावलकडे. समीकरणात या जाण्याला जागाच नाही. आणि जामणी, नवेगावसारखी गावं उठून तिथे कुरणं झाली, तर चितळांना चारा वाढतो. तेव्हा बिंदू जुन्या गोलावर फिरत नसतो, रेषाच सरकलेल्या असतात.

अलीकडे काही जण वाघ सोडून कपाशीकडे वळलेत, हे मला पटतं. कोरपना-राजुऱ्याच्या शिवारात मावा आणि ढालकिडा एका हंगामात मोजता येतात: ठरलेली झाडं, झाडावरची ठरलेली पानं, आठवड्याला एक फेरी, फवारणीची तारीख वेगळ्या रकान्यात. इथे माव्याच्या कित्येक पिढ्या एकाच हंगामात हाती लागतात. पण ढालकिड्याला अंड्यापासून प्रौढ व्हायला उन्हाळी हवेतही सुमारे तीन आठवडे लागतात. मावा वाढल्याच्या पुढच्याच आठवड्यात प्रौढ ढालकिडे दुप्पट झाले, तर ते या पिकात जन्मलेले नाहीत, शेजारच्या तुरीतून उडून आलेले आहेत. मग `c` ची किंमत काढण्यात अर्थ नाही. म्हणून अंडी, अळ्या आणि प्रौढ यांचे रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत, आणि माव्याच्या समोर आधी अळ्यांचा गोल काढावा.