कित्त्याच्या ओळी

मोडीतला कारकून कागद वाचवणारा माणूस. एकच मजकूर ओळीमागून ओळी येऊ लागला की तो पुन्हा लिहीत नाही, ‘कि॥’ लिहून पुढे जातो. कि॥ म्हणजे कित्ता, अर्थात ‘वरीलप्रमाणे’. गावाआधी मौ॥ आले की मौजे, प्रा॥ म्हणजे प्रांत, मु॥ म्हणजे मुक्काम, ब॥ म्हणजे बाबत. त्याच्या धन्याला हे सगळे तोंडपाठ असे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातला रुमाल आज उघडणाऱ्याला ते नसते, म्हणून लिप्यंतरकार शब्द पुरे करून देतो. प्रश्न एवढाच, की कारकुनाने काय लिहिले आणि लिप्यंतरकाराने काय घातले हे छापील पानावर वेगळे दिसते का?

एक उदाहरण घेऊ. पुढची यादी मी नमुन्यासाठी रचली आहे, पण तिची घडण जुन्या हिशेबी कागदांची आहे.

मौ॥ पिंपळवंडी प्रा॥ जुन्नर, ब॥ गवत, रु १२॥
मौ॥ बोरी प्रा॥ कि॥, ब॥ कि॥, रु ७
मौ॥ आळे प्रा॥ कि॥, ब॥ सरपण, रु ५।
मौ॥ बेल्हे कि॥, रु कि॥
एकूण रु ३०

पहिला सापळा उभ्या दंडांचा. अक्षरापुढचे दोन दंड म्हणजे शब्द तोडला आहे. आकड्यापुढचे तेच दोन दंड म्हणजे अर्धा रुपया. एक दंड पाव, तीन दंड पाऊण. म्हणून १२॥ म्हणजे साडेबारा आणि ५। म्हणजे सव्वापाच. हे दंड विरामचिन्ह समजून गाळले, की बेरीज चुकते.

आता शब्द पुरे करू. घातलेली अक्षरे गोल कंसात टाकायची, फाटलेल्या जागेवर अंदाजाने भरलेली चौकोनी कंसात. शिलालेख आणि पपायरस वाचणाऱ्या विद्वानांनी १९३१ साली लायडन येथे हे ठरवले, ते मोडीलाही चालते. मौ॥ चे होते मौ(जे). पण ‘प्रा(ंत)’ असे लिहिले तर अनुस्वार कंसात एकटा लोंबकळतो. देवनागरीत अक्षर फोडता येत नाही, म्हणून अशा ठिकाणी अख्खा शब्द कंसात घ्यावा: (प्रांत). आणि मूळ रूप शेजारच्या स्तंभात जसेच्या तसे ठेवावे. ता॥ सारख्या संक्षेपाला तर हे हवेच, कारण ते कुठे तालुका असते, कुठे तागायत. कंसात एक अर्थ घातला की दुसरा वाचकापुरता संपतो.

कित्त्याचे काम याहून अवघड आहे. मौ॥ पुरे करताना आपण त्याच शब्दाची उरलेली अक्षरे लिहितो, कित्ता उलगडताना दुसऱ्या ओळीतला मजकूर उचलून आणतो. या दोन भरी एकाच कंसात घालणे मला गैर वाटते. मी कि(त्ता) जागेवर ठेवतो आणि आणलेला मजकूर त्यापुढे दुहेरी कोनात देतो. बोरीची ओळ अशी होते: मौ(जे) बोरी, (प्रांत) कि(त्ता) «जुन्नर», (बाबत) कि(त्ता) «गवत», रु ७. आळ्याचा कित्ता बोरीच्या कित्त्यावरून, आणि तो पिंपळवंडीवरून. साखळी सरळ आहे, तिथेही जुन्नरच.

खरी कसोटी बेल्ह्याची. तिथे दोन कित्ते आहेत. रुपयांखालचा आधी पाहू. तो वरचा सव्वापाचच असला, तर साडेबारा, सात, सव्वापाच आणि सव्वापाच मिळून बरोबर तीस होतात. तो कित्ता धरलाच नाही, तर बेरीज पावणेपंचवीसवर थांबते. कारकुनाच्या एकूणनेच साक्ष दिली, तेव्हा «५।» निःशंक लिहावे. गावापुढचा कित्ता मात्र नुसत्या प्रांताचा, की ‘बाबत सरपण’ यासकट? बेरीज याबद्दल काहीच सांगत नाही. तिथे «प्रांत जुन्नर, बाबत सरपण?» असे प्रश्नचिन्हासह छापावे. पुढे कोणी बेल्ह्याच्या सरपणावर लिहिणार असेल, तर त्याला ही शंका दिसली पाहिजे.

यादी संगणकावर घेणाऱ्यांनी आणखी एक जपावे. कित्ते उलगडण्याआधी ओळी गावांच्या नावाने अकारविल्हे लावल्या, तर आळे सगळ्यात वर जाते आणि त्याच्या कित्त्याच्या वर काही उरतच नाही. बेल्ह्याच्या वर पिंपळवंडी येते, म्हणून तिथला रुपयांचा कित्ता सव्वापाचऐवजी साडेबारा होतो; प्रांत मात्र जुन्नरच राहतो, त्यामुळे चूक लवकर लक्षातही येत नाही. मूळ क्रमांक प्रत्येक ओळीला आधी द्यावा, कित्ता उलगडावा, मगच ओळी हलवाव्यात. बंद उलटल्यावर पहिल्याच ओळीत कित्ता आला, तर आधीचा बंद तोच आहे ना, हेही पाहावे. सुटे कागद रुमालात मागेपुढे झालेले असतात.

घरातले जुने मोडी कागद कोणाकडून लिप्यंतर करून घेणार असाल, तर नुसता स्वच्छ मजकूर घेऊ नका. कंसांसह प्रत, संक्षेपांची यादी आणि कागदाचे छायाचित्र, अशा तिन्ही गोष्टी मागून घ्या.