तीनने भाग जातो का? समीकरणांतून निघणारं उत्तर

द्विमान पद्धतीतली एक लांबलचक संख्या डावीकडून एकेक अंक करत समोर येते आहे, आणि शेवटी तिला तीनने भाग जातो की नाही एवढंच सांगायचं आहे. त्यासाठी सगळी संख्या लक्षात ठेवावी लागत नाही. आतापर्यंतच्या भागाची बाकी तेवढी ध्यानात ठेवायची. नवा अंक आला की बाकी दुप्पट करायची, तो अंक मिळवायचा आणि पुन्हा तीनने भागायचं. बाकी शून्य, एक किंवा दोनच असू शकते. म्हणून या कामाला तीन अवस्थांचं यंत्र पुरतं. अशा यंत्राला फायनाइट ऑटोमेटन म्हणतात.

असं प्रत्येक यंत्र जे शब्द स्वीकारतं, ते सगळे एका रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये लिहिता येतात, हे स्टीफन क्लीनी यांनी १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवलं. पण आपल्या यंत्रासाठी ते सूत्र नुसतं बघून सुचत नाही. समीकरणं मांडली की मात्र ते आपोआप हाती येतं.

बाकी शून्य असताना इथून पुढे कोणते अंक आले तर शेवटी भाग जाईल, त्या सगळ्या अंकमालांच्या संचाला `X0` म्हणू. बाकी एक आणि दोन असतानाचे तसेच संच `X1` आणि `X2`. बाकी दोन असताना `0` आला तर दुप्पट चार, म्हणजे बाकी एक. `1` आला तर पाच, म्हणजे बाकी पुन्हा दोनच. बाकीच्या वाटाही अशाच काढायच्या:

```
X0 = 0X0 + 1X1 + ε
X1 = 1X0 + 0X2
X2 = 0X1 + 1X2
```

इथे `+` म्हणजे ‘किंवा’, आणि शेजारी लिहिणं म्हणजे एकापुढे एक जोडणं. `ε` म्हणजे रिकामी अंकमाला. ती फक्त `X0` मध्ये आहे, कारण बाकी शून्य असताना तिथेच थांबलं तरी चालतं.

दिसायला ही शाळेतली एकसामयिक समीकरणं. पण `X2` दोन्ही बाजूंना आहे आणि इथे वजाबाकी नाही, त्यामुळे ते पक्षांतर करून डावीकडे नेता येत नाही. ही अडचण डीन आर्डन यांच्या १९६१ च्या नियमाने सुटते: `X = AX + B` असेल, तर `X = A*B`. `A*` म्हणजे `A` शून्य किंवा कितीही वेळा. कारण सरळ आहे. `X` मधला शब्द एकतर `B` मधला असतो, नाहीतर त्याच्या सुरुवातीला `A` चा तुकडा आणि मागे पुन्हा `X` मधला शब्द असतो. तुकडे सोलत गेलो की शब्द दरवेळी आखूड होतो आणि कधीतरी `B` वर येऊन थांबावंच लागतं. अट एकच, `A` मध्ये `ε` नको. तो असेल तर काहीही न सोलता फेऱ्या चालू राहतील आणि समीकरणाला एकापेक्षा जास्त उत्तरं असू शकतील.

आता शेवटच्या समीकरणापासून सुरुवात करू. `X2` मध्ये `A` आहे `1` आणि `B` आहे `0X1`. मिळालेली किंमत वरच्या समीकरणात घालत जायची:

```
X2 = 1*0X1
X1 = 1X0 + 01*0X1 = (01*0)*1X0
X0 = (0 + 1(01*0)*1)X0 + ε
X0 = (0 + 1(01*0)*1)*
```

सुरुवातीला बाकी शून्य असते, म्हणून `X0` हेच उत्तर. नऊ म्हणजे `1001`: दोन्ही टोकांना `1`, मधल्या `00` ला `01*0` लागू पडतं. पाच म्हणजे `101`: मध्ये एकटा `0` उरतो, तो कुठेच बसत नाही. अशा चार-सहा संख्या, भाग न जाणाऱ्यासुद्धा, तपासाव्यात.

विद्यार्थी हमखास चुकतात ते क्रमात. `A*B` आणि `BA*` एक नव्हेत, कारण इथे गुणाकाराची बाजू बदलून चालत नाही. काही पुस्तकं समीकरणं उलट बाजूने मांडतात. एखाद्या अवस्थेत येणाऱ्या बाणांवरून ती लिहिली, तर `X = XA + B` असं रूप येतं, उत्तर `BA*` होतं आणि `ε` सुरुवातीच्या अवस्थेत लिहावा लागतो. आपल्या यंत्रात सुरुवातीची आणि स्वीकाराची अवस्था एकच आहे, म्हणून ही चूक इथे झाकली जाते; दोन्ही वेगळ्या असतील तिथे उत्तरच बिघडतं.

आधी `X1` काढून टाकलं असतं तर वेगळंच सूत्र आलं असतं:

```
(0 + 11 + 10(1+00)*01)*
```

दोन्ही बरोबर आहेत, दोन्हींत त्याच अंकमाला बसतात. म्हणून आपलं उत्तर पुस्तकातल्यासारखं दिसलं नाही, तर लगेच खोडू नये. अवस्था वाढल्या की मात्र सूत्र फार झपाट्याने फुगू शकतं, आणि आधी कोणती अवस्था काढली यावर त्याची लांबी बरीच ठरते.

संगणकावर पडताळायचं असेल तर ‘किंवा’साठी उभी रेघ लिहावी लागते:

```
grep -E '^(0|1(01*0)*1)*$'
```

ही आज्ञा रिकामी ओळही स्वीकारते, कारण एकही अंक आलेला नसताना बाकी शून्यच असते. ती नको असेल तर शेवटच्या `*` च्या जागी `+` लिहावं.